नोटिशीतला आकडा आणि हातातले साठ दिवस

गृहकर्जाचे चार हप्ते थकले आणि बँकेची नोटीस घरी आली की सगळ्यांचे डोळे एकाच जागी खिळतात: रकमेवर. थकलेले असतात सत्तर-बहात्तर हजार आणि नोटिशीत मागितलेले असतात अठरा लाख. तेही साठ दिवसांत, नाहीतर घर जप्त. हे वाचून माणूस हबकतो. अठरा लाख आणायचे कुठून, या विचारात तो नोटीस कपाटात ठेवतो आणि पुढचे दोन महिने घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की घर जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा या गप्प बसण्यातून होते. कायद्याने ते साठ दिवस कर्जदाराच्या हाती दिलेले आहेत, आणि त्या मुदतीत लेखी उत्तर देऊन हिशेब मागणे ही सामान्य कर्जदाराला झेपणारी गोष्ट आहे.

आधी नोटीस कोणती आहे ते पाहायला हवे, कारण प्रत्येक नोटिशीचे घड्याळ वेगळे असते. बँकेच्या वकिलाचे साधे पत्र असेल तर ती नुसती मागणी असते. चेक परत गेल्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली नोटीस असेल, तर ती हाती पडल्यापासून 15 दिवसांत पैसे भरावे लागतात. ते न भरल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून ही नोटीस सर्वांत तातडीची समजावी. लवादाची नोटीस असेल तर लवादापुढे हजर राहावे लागते, नाहीतर एकतर्फी निवाडा होतो. पतसंस्थेचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो आणि तिथे निबंधक कार्यालयात म्हणणे मांडावे लागते. घर तारण असलेल्या बँक-कर्जात मात्र बहुधा येते ती 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खालची मागणी नोटीस. नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात कलमाचा उल्लेख असतोच. तो आधी शोधावा. पुढचे विवेचन या एका नोटिशीपुरते आहे.

सरफेसीचे वेगळेपण असे की तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकण्यासाठी बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. कलम 34 ने अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच केले आहे. म्हणून गावातल्या कोर्टातून मनाईहुकूम आणू, असे कोणी सांगितले तर त्यावर पैसे खर्च करू नयेत. नागरी सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, याबद्दल आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 5 मे 2020 रोजी निकाल दिला आणि तो वाद मिटला. सहकारी बँकाही या कायद्याने वसुली करू शकतात. आपली बँक गावातली आहे, संचालक ओळखीचे आहेत, या भरवशावर आता राहता येत नाही.

इतका अधिकार बँकेच्या हाती असताना कर्जदाराच्या उत्तराला किंमत ती काय, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मार्डिया केमिकल्स प्रकरणात मिळते. 8 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, पण दोन गोष्टी बदलल्या. न्यायाधिकरणाकडे जाण्याआधी मागणीच्या 75 टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. आणि नोटिशीवर कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेने त्याचा विचार करून नकाराची कारणे कळवलीच पाहिजेत, असे सांगितले. त्याच वर्षी संसदेने कलम 13(3अ) घालून हा नियम कायद्यात आणला. आज या कलमाप्रमाणे कर्जदाराचे निवेदन मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने लेखी कारणे द्यावी लागतात. 2018 साली ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या प्रकरणात ही तरतूद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. मात्र त्याच निकालात असेही दिसले की, निवेदनाचा बँकेने प्रत्यक्ष विचार केलेला असेल तर औपचारिक उत्तर दिले नाही एवढ्यावरून सगळी कारवाई मोडत नाही. म्हणजे या कलमाकडे पळवाट म्हणून पाहू नये. बँकेला हिशेबाच्या टेबलावर आणण्याचे ते साधन आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पिंपरीतल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांनी वीस वर्षांच्या मुदतीने 9 टक्के व्याजाने 20 लाखांचे गृहकर्ज घेतले. हप्ता 17,995 रुपये. पाच वर्षे त्यांनी नियमित हप्ते भरले. तरी मुद्दल अजून सुमारे 17 लाख 74 हजार शिल्लक आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. मग कारखान्याची एक पाळी बंद झाली, पगार घटला आणि 5 जानेवारी 2025 चा हप्ता चुकला. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचेही चुकले. पहिला हप्ता थकून 90 दिवस झाले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरते. इथे ती तारीख 5 एप्रिल. बँकेने 21 एप्रिलला नोटीस काढली आणि 18 लाख 41 हजार रुपये मागितले.

थकबाकी चार हप्त्यांची, म्हणजे 71,980 रुपये. मग मागणी अठरा लाखांची का? याचे कारण असे की खाते एनपीए झाल्यावर या कायद्याखाली बँक संपूर्ण कर्ज परत मागते आणि हप्त्यांची सवलत संपली असे धरते. त्यामुळे नोटिशीत तीन रकमा एकत्र आलेल्या असतात. शिल्लक मुद्दल सुमारे 17 लाख 74 हजार, 5 डिसेंबरपासून चढलेले व्याज सुमारे 60 हजार आणि बाकीचे सात हजार दंडशुल्क व इतर खर्च. हा आकडा खोटा नसतो, पण घर वाचवायला आज जी रक्कम लागते ती या आकड्यात दिसत नाही. ती वेगळी विचारावी लागते, आणि विचारल्याशिवाय बहुधा कोणी सांगत नाही.

ती रक्कम कशी ठरते, हे रिझर्व्ह बँकेच्या 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकातून कळते. एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित धरायचे असेल तर मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरली गेली पाहिजे. इथे सगळी थकबाकी असा शब्द आहे, सगळे कर्ज असा नाही. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांनी मेच्या मध्यावर पैसे भरायचे ठरवले तर 5 मेचा हप्ता धरून पाच हप्ते होतात. ते 89,975 रुपये आणि त्यावरचे रीतसर शुल्क. अठरा लाख त्यांना मिळणार नाहीत, पण एक लाखाच्या आतली रक्कम भविष्य निर्वाह निधीतून, दागिन्यांवर किंवा भावाकडून उभी राहू शकते.

याच परिपत्रकाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. खाते एनपीए होण्याआधी एखादा हप्ता भरला तरी तो सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतो आणि खाते 90 दिवसांच्या आत राहते. मार्चमध्ये या गृहस्थांनी एक हप्ता भरला असता तर 5 एप्रिलला खाते एनपीए झाले नसते. ती रेषा ओलांडल्यावर मात्र एक हप्ता किंवा वीस-पंचवीस हजार भरून भागत नाही. अनेक जण नोटीस आल्यावर घाबरून हाताशी असेल तेवढे भरतात आणि आता कारवाई थांबली असे समजतात. ती थांबलेली नसते. भरलेली रक्कम खात्यात जमा होते, पण खाते एनपीएच राहते आणि साठ दिवस पुढे सरकत राहतात. म्हणून अर्धीमुर्धी रक्कम भरण्याआधी खाते नियमित करायला नेमके किती लागतील, ते लेखी विचारावे.

हे विचारायचे कसे? पहिली गोष्ट, नोटीस घ्यावी. रजिस्टर परत पाठवले की नोटीस मिळाली नाही असे होते, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. पत्र घ्यायला नकार दिला तरी कायद्याच्या नजरेत नोटीस बजावली गेली असेच साधारणपणे धरले जाते, शिवाय बँक ती दारावर चिकटवू शकते आणि वर्तमानपत्रात छापू शकते. नाकारणाऱ्याचे नुकसान एवढेच की आत काय लिहिले आहे ते त्याला कळत नाही आणि शेजारपाजाऱ्यांना कळते. पाकीट जपून ठेवावे, त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी. मात्र साठ दिवस मोजायचे ते नोटिशीवरच्या तारखेपासून. 21 एप्रिलच्या नोटिशीची मुदत 20 जूनला संपते, मग ती हातात 26 एप्रिलला पडलेली असो.

दुसरी गोष्ट, खात्याचा उतारा काढून तो नोटिशीशी ताडून पाहावा. इथे तीन ठिकाणी नजर ठेवावी. पहिला चुकलेला हप्ता कोणत्या तारखेचा आणि खाते एनपीए केल्याची तारीख कोणती, यांच्यात खरोखर 90 दिवस आहेत का? नोटिशीच्या आधी भरलेले पैसे जमा दाखवले आहेत का? आणि दंड कशा रूपात लावला आहे? रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार, जे 2024 पासून अमलात आले, हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळे शुल्क म्हणून लावावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात दंडाची रक्कम मुद्दलात घालून त्यावर व्याज आकारलेले दिसले तर तो खरा आक्षेप आहे. तारण शेतजमीन असेल, तर कलम 31 प्रमाणे हा कायदाच तिला लागू होत नाही. तोही आक्षेप पहिल्याच उत्तरात आला पाहिजे आणि त्यासोबत सातबारा जोडला पाहिजे.

तिसरी गोष्ट, उत्तर. ते दीड पानाचे असले तरी चालते. नोटिशीवर सही करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्याच्या नावे ते पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि एक प्रत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. मजकूर साधारण असा असावा: “आपली 21 एप्रिल 2025 ची नोटीस मला 26 एप्रिल रोजी मिळाली. कलम 13(3अ) खाली हे निवेदन माझे सर्व हक्क अबाधित ठेवून देत आहे. जानेवारीपासून पगार कमी झाल्याने हप्ते थकले, त्याचे पुरावे सोबत जोडले आहेत. मागणीतील दंडशुल्काची रक्कम मला मान्य नाही, तिचा तपशील व खात्याचा संपूर्ण उतारा द्यावा. खाते नियमित करण्यासाठी 15 मेपर्यंत नेमकी किती रक्कम भरावी लागेल ते लेखी कळवावे. ती मी पुढील तारखांना भरण्यास तयार आहे.” यापुढे तारखा आणि रकमा लिहाव्यात, आणि पाळता येतील तेवढ्याच लिहाव्यात. कर्जच घेतले नाही, सही माझी नाही, असे खोटे काही लिहू नये. पुढे न्यायाधिकरणात पहिला कागद हाच वाचला जातो.

वेळेचा हिशेबही इथेच कळतो. उत्तर 3 मेला बँकेत पोचले तर 15 दिवसांत, म्हणजे 18 मेपर्यंत बँकेचे म्हणणे हाती यायला हवे. मग 20 जूनपर्यंत एक महिना उरतो. तेच उत्तर 15 जूनला दिले तर त्याचा उपयोग नुसता नोंदीपुरता राहतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच उत्तर जायला हवे. जामीनदारालाही हे लागू आहे. या कायद्याच्या व्याख्येत कर्जदार या शब्दात जामीनदार येतो, आणि सहकारी बँकांच्या कर्जांत मित्रासाठी सही केलेले अनेक जण ही नोटीस आपल्यासाठी नाही असे समजून बसतात. त्यांनी आपले वेगळे उत्तर द्यावे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात आणि दोन्हींचा विचार करायला हवा. पहिला आक्षेप असा की बँका निवेदनांना छापील उत्तर पाठवतात, तेव्हा एवढी खटपट कशाला? छापील उत्तरे येतात हे खरे आहे. शिवाय त्या नकाराविरुद्ध लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही, असेही कायदाच सांगतो. तरीही कागद राहतो. पुढे बँकेने कलम 13(4) खाली ताबा नोटीस दिली की त्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथे ज्याने पहिल्या पंधरवड्यात हिशेब मागितला, रक्कम आणि तारखा देऊ केल्या आणि त्यातली काही पाळली, त्याची बाजू आणि दोन महिने गप्प राहिलेल्याची बाजू सारखी ऐकली जात नाही. आणि न्यायाधिकरण दूर राहिले तरी शाखेतल्या वसुली अधिकाऱ्याला वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवायला कर्जदाराचा असा लेखी कागदच लागतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. चांगला वकील गाठावा, तांत्रिक चुका काढाव्यात आणि प्रकरण वर्षानुवर्षे लांबवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. बँकेने खरोखर चूक केली असेल तर ती मांडलीच पाहिजे, आणि न्यायाधिकरणात जाण्याची वेळ आली तर या कामातला वकील हवाच. ज्यांना फी परवडत नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मदत मागता येते. पण केवळ वेळ काढणे हा मार्ग सामान्य कर्जदाराला महाग पडतो. आपल्या उदाहरणात महिन्याला तेरा हजारांहून अधिक व्याज चढते आहे. आज 90 हजारांत सुटणारा प्रश्न वर्षाने तीन लाखांवर जातो, आणि हप्ते भरण्याची ताकद आली तरी तेवढी एकरकमी थकबाकी उभी करणे कठीण होते. या काळात फ्लॅट बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करणे, जुन्या तारखेचा भाडेकरार करणे असले उपायही सुचवले जातात. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्तेचे हस्तांतर करायला कलम 13(13) ने बंदी आहे. असा कागद टिकत नाही आणि कर्जदाराच्या प्रामाणिकपणाबद्दल संशय मात्र उभा करतो.

माझ्या बाजूलाही मर्यादा आहेत. थकबाकी भरल्यावर हप्ते पुन्हा सुरू ठेवायला बँका गृहकर्जात बहुधा तयार होतात, पण नोटीस मागे घ्यायची सक्ती त्यांच्यावर नाही. म्हणून पैसे भरताना खाते नियमित झाल्याचे आणि त्या नोटिशीवर पुढची कारवाई होणार नसल्याचे पत्र मागावे. शाखाधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर समाधान मानू नये. एकरकमी तडजोडीचेही तसेच आहे. अशी तडजोड हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय तडजोडीची नोंद कर्ज-इतिहासात राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते.

आणि कधीकधी हिशेब केल्यावर असे दिसते की थकबाकी भरली तरी पुढचे हप्ते झेपणार नाहीत. तेव्हा घर वाचवण्याचा हट्ट सोडून घराची किंमत वाचवावी. बँकेची लेखी संमती घेऊन फ्लॅट स्वतः विकला तर बाजारभाव मिळण्याची शक्यता असते आणि कर्ज फिटून उरलेले पैसे हातात येतात. लिलावात ग्राहक ताब्याची आणि वादाची जोखीम धरून बोली लावतो, त्यामुळे किंमत पडते. यालाही वेळेचे बंधन आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच संपूर्ण देणे भरून मालमत्ता सोडवता येते, आणि 2023 साली बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे लागू केले. बोली लागल्यानंतर पैसे घेऊन धावणाऱ्याच्या हाती मग काही राहत नाही.

कर्ज थकणे हा गुन्हा नाही आणि त्यासाठी कोणी तुरुंगात घालत नाही. वसुली एजंटाने सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन केला, नातेवाइकांना धमकावले, तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. त्याची तक्रार आधी बँकेकडे आणि 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते. पण एजंटाची तक्रार आणि नोटिशीचे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीमुळे दुसरी टळत नाही. तेव्हा घरात अशी नोटीस येऊन पडली असेल तर आज तीन तारखा एका कागदावर लिहा: नोटिशीची तारीख, त्यापुढचा साठावा दिवस आणि उत्तर पाठवण्याचा दिवस. उद्या शाखेत जाऊन खात्याचा उतारा मागा. आणि जे काही बोलणे होईल ते त्याच संध्याकाळी पत्राने कळवून शिक्का घ्या, कारण तोंडी मिळालेल्या मुदतीला या कायद्यात कुठेही जागा नाही.